प्राध्यापकांना ग्रेडर किंवा टीएच्या कामासाठी ईमेल: ग्रेड कोणता लिहायचा, किती आणि कसा

‘सर, माझा सीजीपीए ८.४ आहे. मला तुमच्याकडे टीए म्हणून काम करायला आवडेल. कृपया संधी द्यावी.’

सेमिस्टरच्या नोंदण्या सुरू झाल्या की अशी पत्रं माझ्याकडे येऊ लागतात. मी गोव्यातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत दुसऱ्या वर्षाला प्रोबॅबिलिटी शिकवतो. वर्गात साठेक मुलं, दर पंधरवड्याला एक क्विझ, शिवाय गृहपाठ. पेपर तपासायला मदतीची मला खरोखर गरज असते. तरीही वरच्या पत्राला मी काय उत्तर देऊ? कुठल्या विषयासाठी विचारलंय, तो विषय या मुलाने केलाय का, त्यात ग्रेड किती, आठवड्याला वेळ किती देणार, यातलं काहीच त्यात नाही. उत्तर द्यायचं तर मलाच उलट चार प्रश्न विचारावे लागतात, आणि नोंदणीच्या आठवड्यात तेवढी सवड नसते. पत्र इनबॉक्समध्ये खाली सरकत जातं. मुलाला वाटतं, सरांनी नाकारलं.

म्हणून हे पत्र कसं लिहायचं ते मी इथे सविस्तर सांगणार आहे. उदाहरण एकच घेतो. माशेलची एक मुलगी गेल्या वर्षी माझ्या वर्गात होती, आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा प्रोबॅबिलिटी माझे एक सहकारी शिकवत आहेत, त्यांच्याकडे तिला ग्रेडर व्हायचं होतं. पत्राचा कच्चा मसुदा घेऊन ती आधी माझ्याकडे आली. त्या मसुद्यात जे चुकलं होतं, ते जवळपास सगळ्यांचंच चुकतं.

आधी ठरवा: टीए की ग्रेडर

मुलं दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, पण कामं वेगळी आहेत. ग्रेडर क्विझ आणि गृहपाठ तपासतो, गुणांची बेरीज करतो, यादी बनवतो. वर्गाशी त्याचा समोरासमोर संबंध येत नाही. टीए ट्युटोरियल घेतो, प्रयोगशाळेत उभा राहतो, मुलांच्या शंका सोडवतो, आणि बऱ्याचदा तपासणीही करतो.

टीएचं काम बहुतेक ठिकाणी एम.टेक. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांकडे जातं, कारण ते त्यांच्या शिष्यवृत्तीशी जोडलेलं असतं. गेटमधून एम.टेक.ला आलेल्या विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात आणि त्या बदल्यात आठवड्याला ८ तास अध्यापन-संशोधनाचं काम अपेक्षित असतं. ही वाटणी विभाग करतो, एकटे प्राध्यापक नाही. त्यामुळे बी.टेक.च्या मुलाने ‘मला टीए करा’ असं लिहिलं, तर प्राध्यापकांच्या मनात असूनही ते त्यांच्या हातात नसतं. ग्रेडरच्या बाबतीत मात्र अनेक ठिकाणी त्यांचा शब्द चालतो. विभागाच्या कार्यालयात जाऊन एवढंच विचारा: पदवीच्या विद्यार्थ्याला हे काम देता येतं का, आणि ते कोण ठरवतं? मानधनाचा प्रश्नही तिथेच विचारा. कुठे तासावर मानधन असतं, कुठे नुसतं प्रमाणपत्र. पहिल्या पत्रात तो विषय काढू नका.

आमच्या माशेलच्या मुलीने मसुद्यात ‘टीए किंवा ग्रेडर किंवा कुठलंही काम’ असं लिहिलं होतं. मी तिला ‘ग्रेडर’ एवढंच ठेवायला सांगितलं. ज्याला नक्की काय करायचंय ते ठाऊक आहे, त्याला हो म्हणणं सोपं जातं.

विषय कोणता निवडायचा

नियम साधा आहे: जो विषय तुम्ही पूर्ण केलाय आणि ज्याची परीक्षा देऊन निदान एक सेमिस्टर झालंय, त्यासाठीच विचारा. चालू सेमिस्टरला तुम्ही स्वतः ज्या विषयाला बसला आहात, त्याची उत्तरपत्रिका तुमच्या हातात देता येत नाही, आणि तसं विचारणंही बरं दिसत नाही.

ज्यांनी तुम्हाला तो विषय शिकवला त्यांनाच विचारायचं असेल तर पत्र छोटं होतं. तुमचे गुण त्यांच्याकडे आहेत, वर्गात तुम्ही कसे होता हे त्यांना आठवतं. दुसरे कुणी तो विषय शिकवत असतील, तर तुमच्या ग्रेडचा अर्थ त्यांना पत्रातूनच कळायला हवा. माशेलच्या मुलीची अडचण हीच होती.

ग्रेड: इथेच पत्र घडतं किंवा बिघडतं

तिच्या मसुद्यातली दोन वाक्यं अशी होती: ‘माझा सीजीपीए जवळपास ८ आहे. गणिताच्या विषयांत माझी सरासरी ८.३३ आहे.’ दोन्हींत खोटं असं काही नव्हतं, तरी दोन्ही तिच्याविरुद्ध गेली असती.

सीजीपीए होता ७.८६. तो ‘जवळपास ८’ झाला, आणि खाली जोडलेल्या ग्रेडकार्डवर ७.८६ असंच छापलेलं होतं. वाचणाऱ्याची नजर आधी कार्डावर जाते. त्या क्षणी त्याच्या मनात येतं, की ही मुलगी वर ढकलून लिहिते. ज्या कामात अर्ध्या गुणाचाही हिशेब लागतो, त्या कामासाठी अर्ज करताना असं लिहिणं फार महागात पडतं. सीजीपीए जसा छापलाय तसा, दशांशासकट लिहा.

दुसरं वाक्य अधिक शिकवणारं आहे. तिचे तीन गणिताचे विषय झाले होते: कॅल्क्युलस, ४ क्रेडिट, ग्रेड पॉइंट ८, लिनियर अल्जेब्रा, ४ क्रेडिट, ७, प्रोबॅबिलिटी, ३ क्रेडिट, १०. तिने तिन्ही पॉइंट मिळवून तीनने भागले आणि ८.३३ काढले. पण ग्रेडची सरासरी क्रेडिटनुसार काढतात, आणि तशी काढली तर आकडा वेगळा येतो:

```
(4*8 + 4*7 + 3*10) / (4+4+3) = 90/11 = 8.18
```

फरक लहान आहे, पण पत्र वाचणारा माणूस प्रोबॅबिलिटीचा प्राध्यापक आहे. आणि मुळात ही सरासरी कुणी मागितलीच नव्हती. स्वतः बनवलेली सरासरी पत्रात घालू नका. जो विषय तपासायचाय त्याचा ग्रेड वेगळा, ठळक लिहा. तिला प्रोबॅबिलिटीत १० होते! ती सगळ्यात भक्कम गोष्ट तिने ८.३३ च्या आत पुरून टाकली होती.

आता त्या १० चा अर्थ. अनेक संस्थांत ग्रेड वर्गाच्या तुलनेत दिले जातात. वर्गाची पातळी, पेपर किती अवघड होता, यावर सीमारेषा सरकते. म्हणजे ज्यांनी तो वर्ग शिकवला नाही त्यांना नुसत्या १० वरून फारसं कळत नाही. त्याच्या सोबतीला एखाद-दोन प्रत्यक्ष गुण द्या. तिचे क्विझमध्ये २० पैकी १८, मिडसेममध्ये ३० पैकी २७ आणि एंडसेममध्ये ५० पैकी ४४ होते, एकूण ८९. यातले मिडसेम आणि एंडसेमचे आकडे पत्रात आले की पुरे. सगळी क्विझ, सगळे गृहपाठ लिहित बसलं की पत्राचं गुणपत्रक होतं.

अक्षरी ग्रेड असतील तर आणखी एक काळजी घ्या. एकच अक्षर सगळीकडे सारखं नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा पॉइंटांच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस म्हणजे ९ आणि नुसता ए म्हणजे ८. झुआरीनगरच्या बिट्सच्या कॅम्पसमध्ये मात्र ए म्हणजे १० आणि ए मायनस म्हणजे ९. बी.एस्सी. एका पद्धतीत करून दुसऱ्या संस्थेत एम.एस्सी.ला आलेली मुलं गोव्यात बरीच आहेत. त्यांनी ‘मला ए मिळाला होता’ असं लिहिलं तर वाचणारा तो स्वतःच्या संस्थेच्या मापाने मोजतो. त्यामुळे अक्षरासोबत पॉइंट आणि कमाल पॉइंट लिहा: ‘ए प्लस, १० पैकी ९’. पाचच शब्द लागतात आणि गैरसमज टळतो.

मग कमी ग्रेडचं काय? लिनियर अल्जेब्रातले ७ तिला खटकत होते, ते लपवता येतील का असं तिने विचारलं. लपवायचं काही कारणच नाही. कार्ड जोडलेलं आहे. पण पत्रात त्याचा उल्लेखही नको, कारण दुसऱ्या वर्षाच्या प्रोबॅबिलिटीच्या क्विझ तपासायला त्याची फारशी गरज पडत नाही. तिला मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसमध्ये ५ असते, तर गोष्ट वेगळी. जॉइंट डिस्ट्रिब्युशनच्या प्रश्नांत दुहेरी इंटिग्रल येतात, तिथे ग्रेडर अडखळला तर मुलांचे गुण जातात. अशा वेळी एका वाक्यात सांगून टाकावं: त्या विषयात ५ आहेत, पण त्यानंतरच्या प्रोबॅबिलिटीत हा भाग सोडवला आणि मिडसेममध्ये इतके गुण आले. ज्या विषयावर हे काम उभं आहे तो कच्चा असेल तर बोलायचं, नसेल तर गप्प राहायचं.

आणि ज्या विषयासाठी विचारताय त्यातच ग्रेड ७ किंवा त्याखाली असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: त्या विषयासाठी विचारू नका, दुसरा शोधा. तपासणाऱ्याला बरोबर उत्तर ठाऊक असून भागत नाही. चुकलेल्या उत्तरात कुठपर्यंत बरोबर आहे ते त्याला ओळखता यायला हवं. खाली नमुन्यात ते दिसेल.

वेळ, चवथ आणि नातेवाईक

‘मी पुरेसा वेळ देईन’ या वाक्यातून काहीच कळत नाही. तास मोजा. साठ पेपर, तीन प्रश्नांची क्विझ, सवय झाल्यावर एका पेपरला चार मिनिटं धरली तर चार तास होतात. बेरजा पुन्हा तपासणं आणि यादी भरणं यात आणखी एक तास जातो. म्हणजे क्विझच्या आठवड्यात पाच तास. ते तुमच्या वेळापत्रकात कुठे बसतात ते बघा आणि वारासकट लिहा. स्वतःच्या मिडसेमच्या आठवड्यात तुम्हाला जमणार नसेल तर तेही आधी सांगा. पेपर उशिरा परत देणारा ग्रेडर मला कच्च्या ग्रेडच्या मुलापेक्षा जास्त त्रासाचा वाटतो, कारण मुलं चुकांवरून शिकणार ती पेपर हातात पडल्यावर, आणि तोवर पुढची क्विझ आलेली असते.

गोव्यात याला चवथीची जोड आहे. पावसाळी सेमिस्टरचे पहिले काही आठवडे सरतात न सरतात तोच चवथ येते, आणि बहुतेकदा पहिली-दुसरी क्विझ तिच्या आगेमागेच असते. पाच दिवसांचा गणपती असलेल्या घरातली मुलगी त्या दिवसांत पेपर तपासणार नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही करू नये. पण गठ्ठा तिच्याकडे असताना ती गावाला गेली आणि सरांना ते नंतर कळलं, तर पंचाईत होते. पत्रातच लिहा की कुठले दिवस नाही आणि त्याआधीचे पेपर कधी देणार.

दुसरी गोष्ट नात्याची. गोवा लहान आहे. साठ जणांच्या वर्गात कुणी ना कुणी मावसभाऊ, वाड्यावरचा शेजारी, शाळेतला दोस्त निघतोच. माशेलच्या मुलीची मावसबहीण त्याच वर्गात होती. ‘हे लिहिलं तर काम मिळणार नाही,’ असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात हे लिहिल्यावर प्राध्यापक एवढंच करतात, की तो एक पेपर स्वतःकडे ठेवतात. न लिहिता ते नंतर उघड झालं, तर अख्ख्या वर्गाच्या गुणांवर शंका येते आणि सगळे पेपर पुन्हा तपासावे लागतात. सख्खं-चुलत-मावस नातं, एकाच खोलीत राहणारा रूममेट, असं असेल तर सांगायचंच. नुसती तोंडओळख सांगत बसायची गरज नाही.

पत्र

गोव्यातल्या अशा संस्थांत प्राध्यापक देशभरातून आलेले असतात, त्यामुळे पत्र इंग्रजीत जातं. विषयाच्या ओळीत कोर्सचा कोड, काम आणि ग्रेड हे तीन आले पाहिजेत, कारण मोबाईलवर पत्र न उघडता तेवढीच ओळ दिसते. तिची ओळ अशी झाली:

```
MA203 Probability: request to work as grader (my grade 10/10)
```

कोड आपल्या संस्थेतला घाला. मजकूर मी इथे मराठीत देतो, म्हणजे प्रत्येक वाक्य तिथे कशासाठी आहे ते कळेल. इंग्रजीत लिहिताना वाक्यांचा क्रम मात्र हाच ठेवा.

> आदरणीय सर,
>
> मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. या सेमिस्टरला आपण शिकवत असलेल्या प्रोबॅबिलिटी विषयासाठी ग्रेडर हवा असल्यास माझा विचार व्हावा, ही विनंती.
>
> हा विषय मी गेल्या वर्षी केला. त्यात मला १० पैकी १० ग्रेड पॉइंट मिळाले. मिडसेममध्ये ३० पैकी २७ आणि एंडसेममध्ये ५० पैकी ४४ गुण होते. एंडसेममध्ये गेलेल्या सहा गुणांपैकी चार कंटिन्युअस रँडम व्हेरिएबलच्या प्रश्नात गेले. तो भाग मी सुट्टीत पुन्हा सोडवला आहे. माझा सीजीपीए ७.८६ आहे. ग्रेडकार्ड सोबत जोडलं आहे.
>
> क्विझच्या आठवड्यात मी पाच तास देऊ शकते, बुधवारी दुपारी आणि शनिवारी सकाळी. चवथीचे पाच दिवस मी घरी असेन. त्याआधी मिळालेले पेपर जाण्यापूर्वी परत देईन. माझी मावसबहीण या वर्गात आहे, तिचा पेपर माझ्याकडे देऊ नये.
>
> आपल्याला हवं असल्यास जुन्या क्विझचे दोन-तीन पेपर नमुन्यादाखल तपासून दाखवेन. सोमवारी दुपारी ३ नंतर मी केबिनमध्ये येऊ शकते.
>
> आपली,
> (नाव, रोल नंबर, वर्ष व शाखा)

पहिल्या परिच्छेदात विनंती आली. तिच्या मसुद्यात ती आठव्या ओळीत होती. आधी लहानपणापासूनची गणिताची आवड, मग सरांची स्तुती. स्तुती तिने मनापासून लिहिली होती, पण हे सर तिला शिकवायलाच नव्हते, त्यामुळे ती पोकळ वाटत होती. काढली.

गेलेल्या सहा गुणांचं वाक्य तिचं तिने घातलं, आणि मला ते सगळ्यात आवडलं. आपले गुण कुठे गेले हे ज्याला सांगता येतं, त्याने स्वतःचा पेपर परत मिळाल्यावर नीट वाचलेला असतो. ग्रेडरला नेमकं तेच करायचंय, दुसऱ्यांच्या पेपरांत. तुमच्या बाबतीत हे खरं असेल तरच लिहा.

माझं नाव घालू का, असंही तिने विचारलं. पूर्वीच्या प्राध्यापकांचं नाव घालायचं असेल तर आधी त्यांना विचारावं, तिने विचारलं तसं. मी हो म्हणालो, पण शेवटी नाव न घालताच पत्र गेलं. गरज पडली नाही.

पाठवताना

संस्थेच्या ईमेलवरूनच पाठवा. तिथे तुमचा रोल नंबर असतो, कुणाचं पत्र आहे ते शोधावं लागत नाही. ग्रेडकार्डची एकच पीडीएफ जोडा. फोनवर काढलेले चार तिरके फोटो नकोत. फाईलच्या नावात तुमचा रोल नंबर आणि कोर्सचा कोड असू द्या. `scan0017.pdf` नावाची फाईल दुसऱ्या दिवशी कुणालाही सापडत नाही. एकच मजकूर पाच प्राध्यापकांना पाठवू नका. एकाच विभागात आम्ही चहाला एकत्र बसतो, आणि तेच पत्र दोघांच्या फोनवर निघालं की दोघंही ते बाजूला ठेवतात.

वेळ म्हणाल तर सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीचा आठवडा-दोन आठवडे सगळ्यात बरे, कारण कोण किती पेपर तपासणार हे तेव्हाच ठरत असतं. ती वेळ चुकली तर मिडसेमनंतर पुन्हा एक संधी असते. पेपरांचे गठ्ठे तेव्हाच साचतात.

उत्तर आलं नाही तर सात दिवस थांबा आणि त्याच पत्राला जोडून दोन ओळी लिहा: आधीचं पत्र पाहिलंत का, गरज नसेल तर तसं कळवावं. नवं पत्र सुरू करू नका, आधीचा मजकूर खाली दिसला पाहिजे. तरीही उत्तर नसेल तर भेटीच्या वेळेत केबिनपाशी जा. तिसरं पत्र नको. व्हॉट्सॲपवर, रात्री, अजिबात नको.

‘नमुना तपासून दाखव’ असं म्हणाले तर

तिला चौथ्या दिवशी उत्तर आलं: गेल्या वर्षीच्या क्विझची तीन उत्तरं, नावं झाकलेली, पाच गुणांचा एक प्रश्न, तपासून आण. प्रश्न असा होता. काजूच्या कारखान्यात दोन यंत्रं आहेत. पहिल्यातून ६० टक्के माल निघतो आणि त्यातले २ टक्के गर तुटलेले असतात; दुसऱ्यातून ४० टक्के माल निघतो आणि त्यातले ५ टक्के तुटलेले. एक तुटलेला गर हाती आला, तर तो दुसऱ्या यंत्राचा असण्याची शक्यता किती?

```
P(2|तुटका) = (0.4*0.05) / (0.4*0.05 + 0.6*0.02)
           = 0.020 / 0.032 = 0.625
```

पहिल्या मुलाने ०.०५ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्याने `P(तुटका|2)` आणि `P(2|तुटका)` यांची अदलाबदल केली. प्रश्न ज्यासाठी विचारलाय तेच त्याला कळलेलं नाही. दुसऱ्याने सूत्र अचूक मांडलं, आकडे अचूक भरले, आणि छेदाची बेरीज ०.०३२ ऐवजी ०.३२ केली, उत्तर आलं ०.०६२५. तिसऱ्याने एकही पायरी न दाखवता ०.६२५ लिहिलं.

तिने पहिल्याला ०, दुसऱ्याला ४ दिले. तिसऱ्यापाशी ती अडली, आणि अंदाजाने गुण न देता तिने पेपरवर पेन्सिलीने लिहिलं: पायऱ्या नसतील तर किती द्यायचे? सहकाऱ्यांनी मला नंतर सांगितलं की तिला घ्यायचं त्यांनी या पेन्सिलीच्या ओळीवरूनच ठरवलं. प्रश्नपत्रिकेवर ‘पायऱ्या दाखवा’ असं छापलं होतं की नाही, यावर ते उत्तर अवलंबून आहे, आणि तो निर्णय शिक्षकांचा.

दुसऱ्याच्या बाबतीत एक बारीक गोष्ट होती. आकडेमोडीत गुण कापला तर एकदाच कापायचा. त्या चुकीच्या बेरजेवरून पुढचा भागाकार बरोबर केला असेल तर त्यासाठी पुन्हा कापायचा नाही. प्रत्येक शिक्षकाचा नियम थोडा वेगळा असतो, म्हणून काम सुरू होण्यापूर्वी उत्तरसूचीसोबत हे तीन प्रश्न विचारून घ्या: अर्ध्या पायरीला किती, आकडेमोडीच्या चुकीला किती, पायऱ्याच नसतील तर काय. उत्तरं एका कागदावर लिहून तो कागद गठ्ठ्याबरोबर ठेवा.

तपासताना एकेक पेपर संपवत जाऊ नका. सगळ्या साठ पेपरांतला पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. असं केलं की पाचव्या पेपरात आणि पंचावन्नाव्या पेपरात त्याच चुकीला तेच गुण पडतात. दर वेळी गठ्ठा उलटापालटा करा, म्हणजे दमलेल्या डोळ्यांचा फटका कायम त्याच मुलांना बसत नाही. शेवटी बेरजा दुसऱ्यांदा करा, शक्यतो दुसऱ्या दिवशी. तिने पहिल्या क्विझला हे केलं, तेव्हा साठांपैकी दोन बेरजा चुकलेल्या निघाल्या. तिने त्या दुरुस्त केल्या, बाजूला सही केली, आणि कुठले दोन पेपर ते यादीत लिहून गठ्ठा शनिवारीच परत दिला. मावसबहिणीचा पेपर सरांनी आधीच काढून ठेवलेला होता.